रजेचा अर्ज नव्हे, परवानगीचा!

"ताई, दिल्लीला 'लीव्ह'चा अर्ज करायचाय म्हणे. म्हणजे कोर्टाला कसली रजा मागायची?"

दुपारची झाकपाक करून जरा पाठ टेकवली होती, तोच वहिनी दारात उभ्या. हातात कापडी पिशवी, पिशवीत कोर्टाचे कागद. नाव लिहीत नाही, आमच्या गल्लीत सगळ्याच त्यांना वहिनी म्हणतात. महिला मंडळाच्या कामामुळे असे कागद माझ्याकडे अधूनमधून येतात. मी काही वकील नाही, बी. ए. मराठी घेऊन झालेली साधी गृहिणी. पण कागद वाचायचा कंटाळा नाही, एवढंच.

वहिनींच्या प्रश्नाला मी हसले खरी, पण 'लीव्ह' म्हणजे नेमकं काय, हे मलाही नीट ठाऊक नव्हतं. पुढच्या वर्षभरात ते कळलं. आणि जे कळलं ते मैत्रिणींनो, तुम्हाला सांगावंसं वाटलं. कारण 'आता सुप्रीम कोर्टातच जाते, बघते तो कसा सुटतो!' हे वाक्य आपण सगळ्या सहज बोलून जातो. पण त्या कोर्टाच्या दारात नेमकं काय घेऊन उभं राहायचं असतं, ते आपल्याला कुणी सांगत नाही.

आधी वहिनींची हकीकत. नवऱ्याने घराबाहेर काढलं. पदरात मुलगा. जुलै २०१७ मध्ये त्यांनी तालुक्याच्या कोर्टात पोटगीचा अर्ज केला, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली. (आता १ जुलै २०२४ पासून नवी संहिता आली, तिच्यात हेच कलम १४४ झालं आहे.) अंतरिम पोटगीचाही अर्ज होता, त्यावर आदेशच झाला नाही. तारखा पडत गेल्या. अखेर जुलै २०२२ मध्ये न्यायदंडाधिकाऱ्यांनी आदेश दिला, दरमहा ६,००० रुपये, आणि तेही अर्ज केल्याच्या तारखेपासून. म्हणजे पाच वर्षांचे साठ महिने, ३ लाख ६० हजार रुपये थकबाकी.

नवरा सत्र न्यायालयात गेला, तिथे हरला. मग उच्च न्यायालयात गेला. तिथे नोव्हेंबर २०२३ मध्ये आदेश झाला की महिन्याची रक्कम बरोबर आहे, ती तशीच ठेवतो, पण पोटगी आदेशाच्या तारखेपासून द्यावी. एक ओळ बदलली आणि ३ लाख ६० हजार पुसले गेले. त्या पाच वर्षांत वहिनींनी भावाकडून उसने घेतले होते, बचत गटाचं कर्ज काढलं होतं, पाटल्या सराफाकडे होत्या. ती देणी सगळी तशीच डोक्यावर.

दिल्लीला जायचं ते यासाठी.

अपील नाही, आधी परवानगी

आपल्याला वाटतं, तालुका, जिल्हा, हायकोर्ट, सुप्रीम कोर्ट अशा पायऱ्या आहेत, एकीवर हरलो की पुढची चढायची. तसं नाही. बहुतेक खटल्यांत सर्वोच्च न्यायालयात अपील करण्याचा आपोआप हक्क नसतोच. आपल्या राज्यघटनेच्या १३६ व्या कलमाने सर्वोच्च न्यायालयाला एक अधिकार दिला आहे, की देशातल्या कुठल्याही न्यायालयाच्या निकालाविरुद्ध त्याला वाटलं तर ते अपिलाची खास परवानगी देऊ शकतं. ही परवानगी म्हणजे 'लीव्ह'. आणि ती मागणारा अर्ज म्हणजे 'स्पेशल लीव्ह पिटिशन', मराठीत विशेष अनुमती याचिका. वकील लोक नुसतं 'एसएलपी' म्हणतात.

थोडक्यात, आपण दार वाजवायचं, उघडायचं की नाही ते आतल्यांनी ठरवायचं. १९५० मध्येच सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलं की हा अधिकार जपून, अपवाद म्हणूनच वापरायचा. काही विशेष परिस्थिती असेल, मोठा अन्याय झाला असेल, तरच. खालच्या कोर्टाचा निकाल नुसता चुकीचा वाटतो, एवढं पुरत नाही.

म्हणून या याचिकेत दोन गोष्टी दाखवाव्या लागतात. एक, यात कायद्याचा कुठला प्रश्न आहे? दोन, त्यात सर्वोच्च न्यायालयानेच का लक्ष घालायचं? बाकी सगळं या दोन्हींच्या मागून येतं.

वहिनींच्या पिशवीत एक मसुदा होता. ओळखीच्या कुणीतरी, मोठ्या मायेने, लिहून दिलेला. चाळीस पानं. लग्नात काय दिलं, सासूने काय ऐकवलं, नवऱ्याने कधी हात उचलला, त्याचा खरा पगार किती, त्याने कोर्टात तो किती कमी दाखवला. वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पण त्यात कायद्याचा प्रश्न म्हणून शेवटी लिहिलं होतं, 'अर्जदार स्त्रीने सोसलेल्या हालअपेष्टांकडे दुर्लक्ष करून उच्च न्यायालयाने चूक केली आहे की नाही?'

हा प्रश्न दिसतो कायद्याचा, पण आहे तक्रारीचा. हे मला कसं कळलं, त्यासाठी नागपूरचा एक खटला सांगावा लागेल.

नागपूरचा एक शब्द

२०२१ च्या जानेवारीत हा खटला सगळ्या वर्तमानपत्रांत गाजला होता, तुम्हालाही आठवत असेल. बारा वर्षांच्या एका मुलीशी एका प्रौढ माणसाने अतिप्रसंग केला होता. घटना २०१६ ची. नागपूरच्या विशेष न्यायालयाने त्याला मुलांच्या लैंगिक संरक्षणाच्या कायद्याखाली, म्हणजे आपण ज्याला 'पोक्सो' म्हणतो त्याखाली, तीन वर्षांची शिक्षा दिली. तो उच्च न्यायालयात गेला. नागपूर खंडपीठाने १९ जानेवारी २०२१ ला ती शिक्षा रद्द केली. घटना घडली, हे नाकारलं नाही. मुलीवर अविश्वास दाखवला नाही. फक्त एवढं म्हटलं की पोक्सोच्या कलम ७ मध्ये 'शारीरिक संपर्क' असा शब्द आहे, म्हणजे त्वचेचा त्वचेला स्पर्श व्हायला हवा. इथे मध्ये कपडे होते, म्हणून हा पोक्सोचा गुन्हा नाही. भारतीय दंड संहितेच्या विनयभंगाच्या कलमाखाली त्याला एका वर्षाची शिक्षा राहिली.

आता बघा, इथे सर्वोच्च न्यायालयापुढे जाताना साक्षीदार खरा की खोटा, मुलगी त्या घरी गेली होती की नव्हती, यातलं काहीच विचारायचं नव्हतं. घडलेलं सगळं मान्य होतं. प्रश्न उरला एकच, की कलम ७ मधल्या 'स्पर्श' आणि 'शारीरिक संपर्क' या शब्दांना त्वचेला त्वचा लागणं आवश्यक आहे काय?

याला म्हणतात कायद्याचा प्रश्न. याचं उत्तर द्यायला पुन्हा पुरावा तपासावा लागत नाही, कायद्याचं पुस्तक उघडावं लागतं. आणि जे उत्तर येईल ते त्या एका मुलीपुरतं राहत नाही, देशातल्या प्रत्येक मुलीला आणि मुलाला लागू होतं.

दुसरी गोष्ट, सर्वोच्च न्यायालयानेच का? याचं उत्तर त्या याचिकांमध्ये इतकं स्पष्ट होतं की वेगळं पटवायची फार गरज पडली नाही. हा अर्थ कायम राहिला तर पोक्सोच्या इतर खटल्यांतले आरोपीही तोच निकाल पुढे करणार. कपड्यांवरून हात लावला, सोडा मला! देशाचे अॅटर्नी जनरल के. के. वेणुगोपाल यांनी न्यायालयात उदाहरण दिलं की उद्या कुणी हातात रबरी मोजे घालून असं कृत्य केलं, तर या निकालाप्रमाणे तोही सुटेल. एका उदाहरणात त्या अर्थातला पोकळपणा उघडा पडला.

गंमत अशी, की अॅटर्नी जनरल मूळ खटल्यात पक्षकार नव्हतेच. त्यांनी परवानगी मागून याचिका केली. राष्ट्रीय महिला आयोग आला, महाराष्ट्र सरकारही आलं. निकालानंतर आठच दिवसांत, २७ जानेवारी २०२१ ला, सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. पुढे १८ नोव्हेंबर २०२१ ला तीन न्यायमूर्तींनी तो निकाल रद्द केला. त्वचेचा स्पर्श महत्त्वाचा नाही, त्यामागचा लैंगिक हेतू महत्त्वाचा, असा अर्थ सांगितला आणि तीन वर्षांची शिक्षा पुन्हा कायम झाली.

आणखी एक बाब मला विचार करायला लावून गेली. त्या आरोपीची बाजूही सर्वोच्च न्यायालयात नीट मांडली गेली, विधी सेवा समितीमार्फत एका ज्येष्ठ वकिलांकडून. त्यांच्या समोर महिला आयोगाच्या बाजूने उभ्या होत्या त्यांच्या सख्ख्या भगिनी! कायद्याचा प्रश्न नीट सुटायचा तर दोन्ही बाजू नीट मांडल्या जाव्या लागतात, हे यातून दिसतं.

चाळीस पानांचे झाले एक वाक्य

आता परत वहिनींकडे येऊ.

सर्वोच्च न्यायालयात कुठलाही वकील याचिका दाखल करू शकत नाही. त्यासाठी 'अॅडव्होकेट ऑन रेकॉर्ड' लागतो. हे वकील सर्वोच्च न्यायालयाची वेगळी परीक्षा पास झालेले असतात आणि त्यांचं ऑफिस त्या न्यायालयापासून सोळा किलोमीटरच्या आत असावं लागतं. म्हणजे आपल्या गावच्या वकीलसाहेबांनी कितीही छान लिहून दिलं, तरी सही दिल्लीच्याच वकिलाची.

मग फी कुठून आणायची? इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, तिचं उत्पन्न किती ते न पाहता. सर्वोच्च न्यायालयासाठी वेगळी विधी सेवा समिती आहे. आम्ही जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणात जाऊन अर्ज दिला, तिथून कागद दिल्लीला गेले. समिती डोळे झाकून वकील देत नाही बरं का. याचिकेत दम आहे का, ते आधी तपासते. आम्हाला एक वकीलबाई मिळाल्या. हिंदीतून बोलायच्या, आवाज शांत, पण प्रश्न मात्र टोचणारे.

फोनवर त्यांचा पहिलाच प्रश्न होता, "दीदी, पोटगीची रक्कम कमी वाटते म्हणून यायचंय, की तारीख बदलली म्हणून?"

वहिनी म्हणाल्या, "दोन्ही! त्याचा पगार चाळीस हजार आहे, सहा हजारांत काय होतं?"

वकीलबाईंनी समजावलं. नवऱ्याचा पगार किती, हा वस्तुस्थितीचा प्रश्न. तालुक्याच्या कोर्टाने पुरावा बघितला, सत्र न्यायालयाने बघितला, उच्च न्यायालयाने रक्कम कायम ठेवली. तिन्ही ठिकाणी एकच उत्तर आलं असताना सर्वोच्च न्यायालय पगाराच्या पावत्या पुन्हा मोजत बसत नाही. तुम्ही रक्कम आणि तारीख दोन्ही मागितलीत, तर न्यायमूर्तींची नजर आधी रकमेवर जाईल, 'हा तर पुराव्याचा वाद' म्हणतील आणि कागद मिटतील. तारखेचा चांगला मुद्दाही त्यात वाहून जाईल.

वहिनींना हे पचवणं जड गेलं. रात्री त्या माझ्याकडे येऊन रडल्या. "म्हणजे त्याने खोटा पगार सांगितला ते सोडून द्यायचं?" मी तरी काय बोलणार? पण हेच या याचिकेचं सगळ्यात अवघड काम असतं. जे मनाला जास्त लागलंय ते बाजूला ठेवायचं आणि जे कायद्याला लागतं ते पुढे करायचं.

तारखेच्या बाबतीत मात्र वहिनींची बाजू भक्कम होती. ४ नोव्हेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने एक निकाल दिला आहे. तो खटलाही नागपूरच्याच कुटुंब न्यायालयातून वर गेलेला, आणि तोही विशेष अनुमतीच्याच वाटेने. त्यात सांगितलं आहे की पोटगी अर्ज केल्याच्या तारखेपासून द्यावी. कारण साधं आहे. निकालाला उशीर लागतो तो बाईमुळे नव्हे, आणि पोट काही निकालाची वाट बघत थांबत नाही. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेला कायदा देशातल्या सगळ्या न्यायालयांवर बंधनकारक असतो, हे घटनेच्या १४१ व्या कलमातच आहे. तालुक्याच्या न्यायदंडाधिकाऱ्यांनी तो पाळला होता. उच्च न्यायालयाच्या आदेशात त्या निकालाचा उल्लेखच नव्हता, आणि तारीख का बदलली याचं कारणही नव्हतं.

अर्थात नवऱ्याच्या बाजूलाही बोलायला जागा होती. कलम १२५ च्या शब्दांत आदेशाची तारीख आणि, न्यायालयाने तसं म्हटलं तर, अर्जाची तारीख, असे दोन्ही पर्याय आहेत. म्हणूनच तर तो प्रश्न झाला! ज्याला दुसरी बाजूच नाही, त्याला प्रश्न कसा म्हणायचा?

चाळीस पानांच्या जागी वकीलबाईंनी जो प्रश्न लिहिला तो मराठीत साधारण असा होता. 'पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, असा कायदा सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितलेला असताना, कोणतेही कारण न देता ती आदेशाच्या तारखेपासून देण्याचा बदल उच्च न्यायालयाला करता येतो काय?' याच्याच पोटातला दुसरा एक प्रश्न होता. 'न्यायालयात अर्ज पाच वर्षे प्रलंबित राहिल्याचा भुर्दंड, त्या उशिरात काही दोष नसलेल्या पत्नीवर टाकता येतो काय?'

बस्स, दोनच. मी विचारलं, "आणखी चार-पाच घालू या की, एखादा तरी लागेल!" त्या हसल्या. म्हणाल्या, जिथे पंधरा प्रश्न असतात, तिथे खरा प्रश्न एकही नाही असं वाचणाऱ्याला वाटतं. चांगला प्रश्न ओळखायची एक खूण त्यांनी सांगितली, ती मी वहीत लिहून ठेवली आहे. प्रश्नातून पक्षकारांची नावं काढून टाका. तरीही तो प्रश्न उरतो का? दुसऱ्या कुठल्या बाईच्या खटल्यात तोच विचारता येईल का? उरला, तर तो कायद्याचा. नावांबरोबर प्रश्नही गेला, तर ती तक्रार.

वहिनींच्या जुन्या मसुद्यातला प्रश्न या खुणेवर घासून बघा. नावं काढली की काहीच उरत नाही.

याचिकेच्या आत काय असतं?

याचिकेचा ठरलेला नमुना आहे. सुरुवातीला सारांश आणि तारखांची यादी. ही पानं आकड्यांनी नव्हे, तर इंग्रजी अक्षरांनी मोजतात. वकीलबाईंचं म्हणणं, सगळा जीव इथे असतो, कारण न्यायमूर्तींपुढे एका दिवसात अशा कितीतरी याचिका असतात. पहिल्या दोन-तीन पानांत प्रश्न दिसला नाही, तर तो पुढे कुणी शोधत बसत नाही.

नंतर कायद्याचे प्रश्न. मग आपण यापूर्वी अशी याचिका केलेली नाही, असं निवेदन. जोडलेले कागद खालच्या न्यायालयातल्याच कागदांच्या खऱ्या प्रती आहेत, असं दुसरं निवेदन. मग 'ग्राउंड्स', म्हणजे आधार. प्रश्न विचारून झाला, आता उच्च न्यायालय कुठे आणि कसं चुकलं ते एकेक मुद्दा घेऊन सांगायचं. शेवटी तात्पुरती मागणी आणि मुख्य मागणी.

यातल्या कागदांच्या निवेदनावर आम्ही अडकलो होतो. वहिनींना मधल्या काळात नवऱ्याची नवी पगारपावती मिळाली होती. तीही जोडा म्हणून त्या हटून बसल्या. पण नियम असा की याचिका खालच्या न्यायालयात जे होतं तेवढ्यापुरतीच ठेवायची, आणि तसा दाखला वकिलाला स्वतःच्या सहीने द्यावा लागतो. नवा कागद आणायचा तर त्यासाठी वेगळा अर्ज आणि वेगळं कारण. शिवाय पगाराचा मुद्दा तर आपण सोडलाच होता. पावती पिशवीत परत गेली.

दुसरी अडचण भाषेची. सर्वोच्च न्यायालयाचं काम इंग्रजीत चालतं. तालुक्याचा आदेश मराठीत होता, मूळ अर्जही मराठीत. त्यांचं भाषांतर करून आलं ते मी शब्द न् शब्द ताडून पाहिलं. एके ठिकाणी 'अर्जाच्या तारखेपासून' याचं भाषांतर 'आदेशाच्या तारखेपासून' असं झालं होतं! सगळा खटला ज्या एका शब्दावर उभा, तोच उलटा. अंगावर काटा आला. म्हणून सांगते, आपल्याला इंग्रजी जेमतेम येत असलं तरी भाषांतर कुणाकडून तरी समोर बसून तपासून घ्या, विशेषतः तारखा, आकडे आणि आदेशातलं शेवटचं वाक्य.

तिसरी अडचण मुदतीची. उच्च न्यायालयाच्या निकालापासून नव्वद दिवसांत याचिका दाखल व्हावी लागते. निकालाची प्रमाणित प्रत मिळवण्यात गेलेला वेळ त्यातून वजा होतो, पण त्यासाठी प्रतीचा अर्ज वेळेत केलेला हवा. आम्हाला एकेचाळीस दिवस उशीर झाला होता. उशीर माफ करण्याचा वेगळा अर्ज करावा लागला, आणि त्यात 'घरची अडचण होती' असं मोघम लिहून चालत नाही. वहिनींची आई दवाखान्यात होती, त्याचे कागद जोडले. विधी सेवेत अर्ज कधी दिला, वकील कधी नेमला गेला, भाषांतर कधी झालं, सगळ्या तारखा लिहिल्या. विधी सेवा प्राधिकरणाची पोच पावती जपून ठेवली होती, तिचा इथे उपयोग झाला.

चार मिनिटं

पहिल्या सुनावणीला आम्ही दिल्लीला गेलो नाही. वकीलबाईंनी संध्याकाळी फोन करून सांगितलं की सगळं मिळून चारेक मिनिटं चाललं. न्यायमूर्तींनी एकच विचारलं, "तारीख बदलण्याचं कारण आदेशात कुठे आहे?" त्या म्हणाल्या, "कुठेच नाही." उशीर माफ झाला, नवऱ्याला नोटीस निघाली. उच्च न्यायालयाच्या आदेशाला स्थगितीही मागितली होती, ती मात्र मिळाली नाही.

नोटीस निघणं म्हणजे जिंकणं नव्हे, दार किलकिलं झालं इतकंच. पण अनेक याचिका त्या पहिल्याच सुनावणीत, समोरच्याला न बोलावताच, एका ओळीत फेटाळल्या जातात. तसं झालं तर सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निकाल बरोबर ठरवला, असं अनेकांना वाटतं. तसंही नाही. कारण न देता नुसती परवानगी नाकारली, तर त्याचा अर्थ एवढाच की आम्ही यात पडत नाही. खालचा निकाल योग्य की अयोग्य, यावर सर्वोच्च न्यायालयाने मत दिलं असं होत नाही, हे २००० सालच्या एका निकालात स्पष्ट केलं आहे. उच्च न्यायालयाकडेच पुनर्विलोकन मागण्याची वाट त्यामुळे बंद होत नाही.

वहिनींच्या बाबतीत जानेवारी २०२५ मध्ये आदेश आला, दोन-तीन पानांचा. पहिलंच वाक्य होतं, परवानगी दिली. म्हणजे त्या क्षणी अर्जाचं अपील झालं. आणि पुढे, पोटगीची तारीख न्यायदंडाधिकाऱ्यांनी ठरवली होती तीच कायम. महिन्याचे सहा हजार तेवढेच राहिले. ते आम्ही मागितलंच नव्हतं.

पैसे दिल्लीहून येत नाहीत. तो आदेश घेऊन वहिनींना पुन्हा तालुक्याच्या कोर्टात वसुलीसाठी उभं राहावं लागलं. नवऱ्याने हप्ते मागितले, ते मिळाले. पहिल्या हप्त्यातून बचत गटाचं कर्ज फिटलं. दुसऱ्यातून भावाचे पैसे दिले. पाटल्या अजून सराफाकडेच आहेत.

परवा त्या आल्या होत्या. ती चाळीस पानं माझ्या कपाटात राहिली होती, ती परत न्यायला. म्हटलं, "आता कशाला हवीत?" तर म्हणाल्या, "कोर्टाला नको होती ताई, पण मुलगा मोठा झाला की त्याला वाचायला देईन."

पिशवीत घालताना त्यांनी ती नीट सरळ करून घेतली. वर दिल्लीचा आदेश ठेवला, आणि पिशवीचे बंद आवळले.